दुकान खाली करा म्हणून नऊ पानी नोटीस आलीय? तिचं एक पान असं करा

वकिलाची नोटीस आली की दुकानदार दोनपैकी एक गोष्ट करतो, एकतर पहिलं पान वाचून घाबरतो आणि गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकून देतो, नाहीतर शेवटचं पान वाचून "पंधरा दिवसांत खाली करा" एवढंच डोक्यात घेऊन रात्रभर जागतो. मधली सात पानं कुणीच वाचत नाही आणि खरं सांगायचं तर मालकाची सगळ्यात कच्ची बाजू बऱ्याचदा तिथंच लिहिलेली असते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. समोरच्याने त्याच्या वकिलातर्फे तुम्हाला पाठवलेलं ते पत्र आहे, त्यात त्याची बाजू आहे आणि त्याची मागणी आहे. फक्त नोटीसच्या जोरावर कुणी येऊन तुमच्या शटरला कुलूप लावू शकत नाही, मालकाने त्रास द्यायला लाईट-पाणी तोडलं तर त्याच्याविरुद्ध भाडे नियंत्रण कायद्यातच तरतूद आहे. पण म्हणून नोटीस रद्दीत टाकायची असंही नाही, कारण काही नोटिशी हातात पडल्या त्या दिवसापासून कायद्याचं घड्याळ सुरू होतं. भाड्याच्या दुकानाची नोटीस त्यातलीच.

म्हणून उदाहरण तेच घेऊ. पुण्यात पेठेतलं जुन्या वाड्यातलं स्टेशनरीचं दुकान, वडिलांच्या काळापासून भाड्यानं, भाडं महिना २,८०० रुपये. दुकानदाराला आपण काका म्हणू. (माणूस आणि आकडे मी उदाहरणासाठी मांडलेत, पण नोटीस अशीच असते.) वाडा मध्यंतरी विकला गेला, जुने मालक भाडं घ्यायला यायचे बंद झाले, नवीन मालकाने कधी पावतीपुस्तक काढलं नाही, काकांनीही "येईल तेव्हा देऊ" म्हणून सोडून दिलं. आणि मग ६ जानेवारी २०२६ तारखेची नऊ पानी नोटीस १२ जानेवारीला हातात पडली. भाषा नेहमीचीच, "माझे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून तुम्हास कळविण्यात येते की", मग "सदर मिळकत", "सबब", "कसूर केल्यास" आणि शेवटी "स्थळप्रत माझे कार्यालयात ठेवली आहे". ह्या शेवटच्या वाक्याला बरेच जण घाबरतात, त्याचा अर्थ एवढाच की एक कॉपी वकिलाने स्वतःकडे ठेवली.

पहिलं काम पाकिटाचं. पाकीट फेकू नका. नोटीसवरची तारीख ६ जानेवारी आहे पण कायद्याची मुदत ती तुम्हाला मिळाली त्या दिवसापासून मोजतात, आणि मिळाल्याचा पुरावा म्हणजे पाकिटावरचा शिक्का आणि पोस्टाचं ट्रॅकिंग. पाकीट नोटीसला स्टेपल करा, वर पेनाने लिहा "१२ जानेवारीला मिळाली, अमुकने घेतली". आणि कृपा करून "घेत नाही" म्हणून परत पाठवू नका. बरोबर पत्त्यावर पोस्टाने नोंद करून पाठवलेली आणि घ्यायला नकार दिलेली नोटीस कोर्ट सहसा मिळाली असंच धरतं, म्हणजे घड्याळ सुरू झालंय आणि आत काय लिहिलंय ते मात्र तुम्हाला माहीतच नाही.

आता वाचन. तीन रंगांचे पेन घ्या, किंवा एकच पेन घेऊन समासात अक्षरं लिहा. गोष्ट म्हणजे "गो", मागणी म्हणजे "मा", मुदत म्हणजे "मु". प्रत्येक परिच्छेदाला यातलं एक अक्षर लागलंच पाहिजे. काकांच्या नोटीसमध्ये असं केल्यावर सव्वीसपैकी सतरा परिच्छेद "गो" निघाले, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, वाडा कसा मोडकळीला आलाय, काका कसे उर्मट आहेत वगैरे. उर्मटवर काकांचा जीव जास्त अडकला होता, पण त्याला ना मागणी आहे ना मुदत, ते सोडून द्या.

मात्र "गो" मध्ये तारखा आणि आकडे दिसले की त्यांना गोल करा. याच नोटीसमध्ये चौथ्या परिच्छेदात एक ओळ होती की माझ्या अशिलांनी सदर मिळकत ३० एप्रिल २०२५ रोजीच्या खरेदीखताने विकत घेतली. आणि शेवटच्या पानावर मागणी होती डिसेंबर २०२४ पासूनच्या भाड्याची. दोन्ही ओळींमध्ये पाच पानांचं अंतर, त्यामुळे एकत्र कुणी वाचत नाही. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ मध्ये सरळ म्हटलंय की मिळकत विकत घेणाऱ्याला खरेदीच्या आधी थकलेल्या भाड्यावर हक्क मिळत नाही. म्हणजे डिसेंबर ते एप्रिल हे पाच महिने नवीन मालकाचे नाहीतच, जोपर्यंत खरेदीखतात मागच्या बाकीचा हक्कही त्याला वेगळा लिहून दिलेला नाही. तो दिलाय की नाही हे खरेदीखत बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून उत्तरात त्याची प्रत मागायची.

आता मागण्या. शेवटच्या पानावर त्या एकाच लांबलचक वाक्यात कोंबलेल्या असतात. काकांच्या नोटीसमधलं वाक्य जवळपास अर्ध्या पानाचं होतं, ते तोडलं की हे निघतं.

पैसे: १३ महिन्यांचं भाडं वाढीसकट, त्यावर १८ टक्के व्याज, नोटीस फी ५,५०० रुपये. बांधकाम: परवानगीशिवाय केलेला पोटमाळा काढा. पोटभाडेकरू: दुकानात बसवलेला मोबाईल रिपेअरिंगवाला हलवा. ताबा: १५ दिवसांत दुकान रिकामं करून शांततेनं ताबा द्या, नाहीतर रोजचे ५०० रुपये नुकसानभरपाई. आणि अधेमधे एक ओळ की मालकाच्या मुलाला धंद्यासाठी जागेची गरज आहे.

पाच गोष्टी झाल्या आणि पाचही वेगवेगळ्या आहेत, एकीला दिलेलं उत्तर दुसरीला चालत नाही, हे कळलं की अर्धं काम झालं. भाडं भरलं म्हणून पोटभाडेकरूचा मुद्दा संपत नाही, आणि पोटमाळा काढला म्हणून भाडं माफ होत नाही.

मुदतीचा भाग मात्र सावकाश वाचा, सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. नोटीसमध्ये छापलेली मुदत वेगळी आणि कायद्याने दिलेली मुदत वेगळी असू शकते. छापलीय १५ दिवस, म्हणजे २७ जानेवारी. महिन्याच्या भाडेपट्ट्याची १५ दिवसांची नोटीस मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये आहे म्हणून वकील सवयीने तोच आकडा टाकतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू असेल तर सोळाव्या दिवशी तुमचं संरक्षण संपत नाही. त्याच्या कलम १५ प्रमाणे भाडं थकलं या कारणावरून ताब्याचा दावा लावायचा असेल तर मालकाला लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. त्या ९० दिवसांत तुम्ही कायदेशीर बाकी भरली किंवा भरायला पुढे केली तर तो मुद्दा त्याच्या हातातून निसटतो.

मोजून बघू. १२ जानेवारी सोडून द्या, जानेवारीचे १९, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, झाले ७८, राहिले १२, म्हणजे १२ एप्रिल २०२६. आणि तो रविवार आहे. त्यामुळे कॅलेंडरवर लाल गोल १२ एप्रिलला करूच नका, मार्चमध्येच कुठेतरी करा, कारण चेक परत आला किंवा मालकाने घेतला नाही तर दुसऱ्यांदा पाठवायला वेळ हातात पाहिजे. माझं विचाराल तर पैसे फेब्रुवारीतच जाऊ द्या, ९० दिवस मिळालेत म्हणून एकोणनव्वदाव्या दिवसाची वाट बघण्यात काही शहाणपणा नाही.

आता यातली मेख. हे ९० दिवस फक्त थकबाकीच्या मुद्द्याला आहेत. पोटभाडेकरू, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, मालकाची स्वतःची गरज, ही कारणं कलम १६ मधली आहेत आणि त्यांना ९० दिवसांचं कुंपण नाही, त्यावर मालक उद्याही दावा लावू शकतो. त्यामुळे "तीन महिने काही होत नाही" असं सांगणारा शेजारचा माणूस अर्धाच बरोबर असतो.

पैशांचा हिशोब करू. भाडं २,८००, नोटीसमध्ये त्यावर ४ टक्के वाढ धरून २,९१२ लावलंय. दर वर्षी ४ टक्के वाढ हा आकडा कायद्यातलाच आहे, कलम ११ मधला, मालकाने मनाने काढलेला नाही. १३ महिन्यांचे झाले ३७,८५६. त्यातून खरेदीच्या आधीचे पाच महिने काढले तर उरतात आठ महिन्यांचे २३,२९६. म्हणजे वाद आहे तो १४,५६० रुपयांचा.

काकांचं म्हणणं होतं, "मग मी तेवीसच हजार देणार, बाकीचे का देऊ?" कायद्याने बरोबर आहे, पण विचार करा, १४,५६० साठी पेठेतल्या दुकानाचा ताबा पणाला लावायचा का. उद्या खरेदीखतात मागच्या बाकीचा हक्क लिहिलेला निघाला तर तुम्ही मुदतीत अपुरी रक्कम भरली असा मुद्दा समोरच्याला मिळतो. म्हणून बरेच वकील सांगतात की वादातली रक्कमही मुदतीत भरून टाका, पण "हक्क राखून" भरा, म्हणजे पत्रात लिहा की ही पाच महिन्यांची रक्कम देणं लागतं हे आम्हाला मान्य नाही, वाद नको म्हणून देतोय, आणि जुन्या मालकांनी याच महिन्यांचं भाडं पुन्हा मागितलं तर जबाबदारी तुमची. ११२ रुपयांच्या वाढीवरूनही भांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय नोटीसमध्ये नसलेलं जानेवारीचं भाडं विसरू नका, चालू भाडं महिन्याच्या महिन्याला गेलंच पाहिजे.

१८ टक्के व्याजाचं काय? तसं काही करारात लिहिलेलं नसेल तर या टप्प्यावर ते द्यायची गरज नाही, उत्तरात नाकारायचं. नोटीस फीचंही तेच, ती जवळपास प्रत्येक नोटीसमध्ये मागतात आणि जवळपास प्रत्येक उत्तरात नाकारतात. रोजचे ५०० रुपये हे ताबा बेकायदेशीर ठरला तर पुढे कोर्ट ठरवेल, आज एका पानावर त्याच्यासमोर "अमान्य" एवढंच लिहा.

पैसे कसे द्यायचे हा भाग लोक फार हलक्यात घेतात. रोख देऊ नका, आणि रोखच द्यायची वेळ आली तर पावतीशिवाय नाही, भाड्याची पावती देणं मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. चेक किंवा डिमांड ड्राफ्ट, सोबत पत्र, त्यात कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंतचं भाडं ते लिहिलेलं. बँक खात्याचा नंबर हवा असेल तर लेखी मागा. मालक घेत नसेल तर जुना उपाय अजून कामाचा आहे, मनीऑर्डर. एका मनीऑर्डरला रकमेची मर्यादा असते त्यामुळे महिन्यामहिन्याच्या वेगळ्या करा, आणि "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन ती परत आली तर तो कागद जपून ठेवा, तुम्ही भाडं द्यायला तयार होता हे दाखवायला कोर्टात त्याच्याइतका साधा पुरावा नाही. जुन्या दुकानदारांकडे अशा परत आलेल्या मनीऑर्डरींची अख्खी फाईल असते, उगाच नाही.

बाकीच्या तीन मुद्द्यांना पैशांसारखी तारीख नाही, तिथं कागद लागतात.

पोटमाळ्याबद्दल, कायदा "पक्कं बांधकाम" म्हणतो आणि सोबत काय त्यात धरायचं नाही तेही सांगतो, लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, हवेसाठी भिंतीत खिडकी पाडणं वगैरे. काकांचा पोटमाळा लाकडी फळ्यांचा, बोल्टवर बसवलेला, काढला तर भिंतीला काही होत नाही. तोच जर गर्डर टाकून स्लॅब ओतलेला असता तर मामला अवघड होता. त्यामुळे आजच फोटो काढा, जवळून, बोल्ट दिसेल असे. आणि घाबरून लगेच तोडू नका, तोडलात की तो कसा होता हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही आणि समोरचा म्हणेल पुरावा नष्ट केला.

मोबाईल रिपेअरिंगवाल्याचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. कोर्ट बघतं की त्या जागेचा ताबा खरोखर कुणाकडे आहे. दुकान काका उघडतात, किल्ली काकांकडे, लाईट बिल काकांच्या नावावर, तो मुलगा टेबल टाकून काम करतो आणि काका दिवसभर दुकानात असतात, तर बचावाला जागा आहे. पण त्याचं वेगळं शटर, वेगळी किल्ली, वेगळा बोर्ड आणि दरमहा ठरलेली रक्कम काकांच्या खात्यात, तर उत्तर लिहिण्याआधी वकिलासमोर सगळं खरं खरं सांगा. अशा वेळी कुणीतरी हमखास सल्ला देतो की मागच्या तारखेचं पार्टनरशिप डीड करून ठेव. करू नका. स्टँप पेपर कधी विकला गेला हे निघतं, आणि मग एक कागद खोटा म्हटल्यावर तुमचे खरे कागदही संशयाने बघितले जातात.

मुलाच्या गरजेच्या मुद्द्यावर आत्ता करण्यासारखं कमी आहे. उत्तरात नाकारायचं आणि माहिती गोळा करायची, मालकाकडे आजूबाजूला दुसरी रिकामी दुकानं आहेत का, मुलगा सध्या काय करतो. ताबा दिला तर कुणाचे हाल जास्त होतील हे कोर्टाला तोलावं लागतं, त्यामुळे घर याच दुकानावर चालतं हे दाखवणारे कागदही त्याच फाईलीत लावा.

मग काकांचं एक पान असं झालं:

नोटीस मिळाली: १२ जानेवारी २०२६, पाकीट जोडलंय.
उत्तर: वकिलातर्फे, २७ जानेवारीच्या आत (२६ ला सुट्टी आहे).
भाडं: ३७,८५६ अधिक जानेवारी, हक्क राखून, फेब्रुवारीत. शेवटची तारीख १२ एप्रिल, रविवार.
मागायचं: खरेदीखताची प्रत, बँक खातं.
नाकारायचं: व्याज, फी, ५०० रोज, ताबा.
फोटो आणि कागद: पोटमाळा, लाईट बिलं, जुन्या पावत्या, शॉप ॲक्ट.
वकिलाला विचारायचं: मोबाईलवाला, कॅव्हेट.

हे पान घेऊन वकिलाकडे गेलात की तो पहिला तास नोटीस वाचण्यात घालवत नाही. उत्तर परिच्छेदानुसार दिलं जातं, कारण एखादी गोष्ट नाकारायची राहिली तर पुढे "तेव्हा का बोलला नाहीत" असा प्रश्न येतो. उत्तर न दिल्याने केस आपोआप हरत नाही, पण गप्प बसणं तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. कॅव्हेट म्हणजे कोर्टात आधीच अर्ज देऊन ठेवणं की माझं ऐकल्याशिवाय मनाई वगैरे हुकूम देऊ नका, ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा द्यावं लागतं. तडजोडीचं बोलायचं असेल तर जरूर बोला, जुन्या वाड्यात बऱ्याचदा शेवट पैसे किंवा नवीन इमारतीत गाळा यावरच होतो, पण उत्तर पाठवून झाल्यावर. आणि या सगळ्या काळात मालकाला व्हॉट्सॲपवर "दादा दोन महिने थांबा, सगळी बाकी देतो" असलं काही टाकू नका, एका मेसेजमध्ये तुम्ही पाच महिन्यांचा वाद सोडून दिलेला असतो.

हे सगळं लागू कधी होत नाही तेही बघा. दुकान लिव्ह अँड लायसन्सवर असेल तर तुम्ही भाडेकरू नाही, ९० दिवस विसरा आणि ॲग्रीमेंटमधली मुदत आणि नोटीसचं कलम वाचा. दुकान कंपनीच्या नावावर असेल आणि तिचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा जास्त असेल तरी भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मिळत नाही, मग कलम १०६ चे ते १५ दिवस खरोखरच महत्त्वाचे होतात. म्हणून पहिल्या ओळीच्याही वर एक ओळ हवी, आपण नक्की कोण, भाडेकरू की लायसन्सी, आणि पावती कुणाच्या नावाची.

आणि एवढं करूनही मालकाने दावा लावलाच तर पुण्यात लघुवाद न्यायालयाचं समन्स येईल. ती वेगळी गोष्ट, तिथं तारखेला हजर राहावंच लागतं. थकबाकीच्या दाव्यात तेव्हाही एक दार उघडं असतं, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासकट कोर्टात भरायची आणि पुढे केस संपेपर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित भरत राहायचं, दाव्याचा खर्च कोर्ट सांगेल तसा. हे ९० दिवस नोटीसचे नाहीत, समन्सचे आहेत. त्यामुळे समन्सचं पाकीटसुद्धा ठेवा आणि त्यावर मिळाल्याची तारीख लिहा.